‘इज गोइंग टू मार्केट’: इंग्रजी वाक्यातला कर्ता कुठं गळतो आणि परत कसा आणायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘राजू कुठाय?’ याला मुलगा ‘इज गोइंग टू मार्केट’ म्हणाला. अर्थ तर कळला. मग चुकलं काय?

‘ही’ गळला. ‘ही इज गोइंग टू द मार्केट’ असं हवं होतं. ‘द’ही राहिलाय, पण ती बाब वेगळी आणि तुलनेनं किरकोळ.

अर्थ कळला, कारण ऐकणारे तुम्हीही मराठीच. तुमच्या डोक्यात ‘बाजारात चाललाय’ आधीच तयार होतं. ज्याला मराठी येत नाही त्याच्या कानावर वाक्याच्या सुरुवातीलाच ‘इज’ पडला की त्याला वाटतं, आता प्रश्न येणार. ‘इज ही...’, ‘इज राजू...’ असं काहीतरी ऐकायला तो थांबतो. पुढं एकदम ‘गोइंग’ येतं आणि त्याला वाक्य मनातल्या मनात पुन्हा जुळवावं लागतं. इंग्रजीत कर्ता आधी आणि ‘इज’ नंतर आला की विधान, उलट झालं की प्रश्न. कर्ताच काढून टाकला तर दोन्ही वाक्यं सारखीच होतात. ‘इज गोइंग?’ आणि ‘इज गोइंग.’ यांत फक्त आवाजाचा चढउतार उरतो. लिहिताना तोही नसतो.

मराठीत ‘बाजारात चाललाय’ हे पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीला एवढा सोस कशाला?

मराठीत क्रियापदाच्या शेपटीतच बरीच माहिती बसलेली असते. चाललोय म्हटलं की मी, चाललास म्हटलं की तू, चाललाय म्हटलं की तो, चाललीय म्हटलं की ती. बेळगावकडं कुणी ‘जायलोय’ आणि ‘जायलाय’ म्हणेल, हिशेब तोच. ‘जाणे’चा भूतकाळ घ्या: गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. 9 वेगवेगळी रूपं. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘वेन्ट’. नुसतं ‘वेन्ट टू मार्केट’ म्हटलं तर मी गेलो, आई गेली की शेजारचे सगळे गेले, काहीच कळत नाही. म्हणून इंग्रजीत कोण ते शब्दानं सांगावंच लागतं.

पण हे कारण अर्धंच आहे. मराठीतली रूपंही प्रत्येक वेळी कर्ता सांगत नाहीत. ‘आंबा खाल्ला’ यात क्रियापद आंब्याच्या मागं जातं. मी खाल्ला, तिनं खाल्ला की पोरांनी खाल्ला, रूप बदलत नाही. तरीही आपण कर्ता बिनधास्त गाळतो, कारण बोलणं कुणाबद्दल चाललंय ते दोघांनाही ठाऊक असतं. म्हणजे मराठीत कर्ता गाळायची मुभा दोन गोष्टींवर उभी आहे: क्रियापदाची शेपटी आणि आधीचा संदर्भ. इंग्रजीत पहिली जवळजवळ नाहीच. दुसरी असली तरी तेवढ्यावर भागत नाही. ऐकणाऱ्याला अगदी शंभर टक्के माहीत असलं तरी पूर्ण वाक्यात कर्त्याची जागा भरावीच लागते.

मग ‘ॲम’ म्हटल्यावर ‘आय’ कळतोच की. ‘ॲम गोइंग टू मार्केट’ का चालू नये?

तर्क बरोबर आहे, आणि म्हणूनच ‘ॲम’वाली वाक्यं ‘इज’वाल्यांइतकी खटकत नाहीत. मोबाइलवरच्या निरोपात ‘ॲम ऑन द वे’ चालून जातं. पण ‘ॲम’ हे एकच रूप असं आहे. ‘आर’ म्हटलं तर तू, तुम्ही, आम्ही, ते यातलं कोणीही. ‘इज’ म्हटलं तर तो, ती किंवा ते. ‘विल’, ‘कॅन’, ‘डिड’ हे तर कुणालाही चालतात. एका ‘ॲम’साठी इंग्रजी नियम बदलत नाही. अर्जात, उत्तरपत्रिकेत, मुलाखतीत ‘आय ॲम’च.

आमच्या बेळगाव भागातल्या मुलांना कन्नडही येतं. त्याचा उपयोग होतो की अडचण?

या बाबतीत अडचणच. कन्नडमध्येही क्रियापद कर्ता सांगतं: होगुत्तेने म्हणजे मी जातो, होगुत्ताने म्हणजे तो जातो, होगुत्ताळे म्हणजे ती जाते. तिथंही कर्ता खुशाल गळतो. म्हणजे खानापूर किंवा निपाणीच्या मुलाला घरची मराठी, गल्लीतलं कन्नड आणि टीव्हीवरची हिंदी, तिन्ही भाषा एकच शिकवतात की कर्ता सांगितलाच पाहिजे असं नाही. इंग्रजी ही त्याच्या आयुष्यातली वेगळं सांगणारी पहिलीच भाषा. त्यामुळं ‘विसरतोस कसा?’ म्हणून रागावण्यात हशील नाही. तो विसरत नसतो. त्याच्या लेखी तिथं काही राहिलेलंच नसतं.

इंग्रज लोकसुद्धा ‘डोन्ट नो’, ‘लुक्स लाइक रेन’, ‘विल कॉल यू’ म्हणतात. त्यांनी गाळलं तर चालतं?

चालतं, पण त्यालाही बंधनं आहेत आणि ती मराठीहून फार कडक आहेत. एक तर हे बोलीतलं, निरोपातलं किंवा डायरीतलं इंग्रजी आहे. दुसरं, कर्ता गळतो तो वाक्याच्या अगदी पहिल्या जागेवरूनच. ‘बिकॉज’, ‘दॅट’, ‘व्हेन’ यांच्या मागून तो एकटा कधीच गळत नाही. ‘डोन्ट नो’ चालेल, पण ‘आय थिंक इज कमिंग’ किंवा ‘बिकॉज वॉज इल’ कोणत्याही इंग्रजीभाषकाच्या तोंडून येणार नाही. आपल्याकडं मात्र ‘आजारी होता म्हणून आला नाही’ यात दोन्ही कर्ते गेले तरी वाक्य ठणठणीत असतं. त्यामुळं ही चूक सगळ्यात जास्त ‘बिकॉज’, ‘दॅट’ आणि ‘सो’ यांच्या पुढं सापडते. वही तपासताना आधी हे तीन शब्द शोधावेत आणि त्यांच्या लगेच पुढं बघावं.

तिसरं बंधन थेट आपल्या वाक्याशी संबंधित आहे. बोलताना इंग्रजीत काटछाट करायची झाली तर कर्ता आणि ‘इज’ बहुधा जोडीनं जातात. ‘वेअर इज राजू?’ याला ‘गोइंग टू द मार्केट’ किंवा नुसतं ‘ॲट द मार्केट’ असं तुटक उत्तर चालतं. पूर्ण सांगायचं तर ‘ही इज’ दोन्ही हवेत. ‘इज’ ठेवायचा आणि ‘ही’ काढायचा, हे मधलंच प्रकरण कानाला बोचतं. घाईत असाल तर दोन्ही सोडा, एक नको.

‘इज रेनिंग’ चूक म्हणतात. पण पाऊस पडतोय यात करणारा कोण? तिथं काय घालायचं?

‘इट’. ‘इट इज रेनिंग’. हा ‘इट’ म्हणजे कुणी नव्हे. जागा रिकामी राहू नये म्हणून बसवलेला तो बाहुला आहे. मराठीत असला बाहुला नाही. म्हणून ‘इथं कर्ता कोण?’ असं विचारून मुलाला ‘इट’ सापडत नाही. तो कितीही विचार करून ‘कुणी नाही’ असंच म्हणेल, आणि त्याचं खरंही आहे. इथं प्रश्न विचारण्याऐवजी प्रसंग लक्षात ठेवायला सांगावेत. हवा, वेळ, अंतर आणि ‘बरं झालं, कठीण आहे, शक्य आहे’ अशी मतं, एवढ्या ठिकाणी ‘इट’ येतो. थंडी आहे: इट इज कोल्ड. उशीर झाला: इट इज लेट. इथून लांब आहे: इट इज फार फ्रॉम हिअर. त्याला समजावणं कठीण आहे: इट इज डिफिकल्ट टू कन्व्हिन्स हिम.

कुठंतरी काहीतरी आहे किंवा नाही असं सांगायचं असलं तर ‘देअर’. नळाला पाणी नाही म्हणजे ‘देअर इज नो वॉटर इन द टॅप’. ‘इज नो वॉटर’ नव्हे.

‘रेन इज फॉलिंग’ आणि ‘रेन इज कमिंग’ हीसुद्धा आपल्या भागात नेहमी ऐकू येणारी वाक्यं. पहिलं ‘पाऊस पडतोय’वरून आलेलं, दुसरं कन्नड ‘मळे बरुत्तिदे’ किंवा हिंदी ‘बारिश आ रही है’वरून. त्यांत कर्ता जागेवर असल्यामुळं या पानापुरती ती निर्दोष आहेत. नेहमीचं इंग्रजी मात्र ‘इट इज रेनिंग’.

बाबांबद्दल विचारलं तर मुलगी ‘आर गोइंग टू मार्केट’ म्हणते. हे ‘आर’ कुठून आलं?

आदरातून. ‘बाबा बाजारात चाललेत’ यातलं ‘चाललेत’ अनेकवचनी आहे. कर्ता गळला, पण त्याचं अनेकवचन क्रियापदाला चिकटून इंग्रजीत शिरलं. कन्नडमध्येही मोठ्यांना ‘अवरु’ असं अनेकवचनीच म्हणतात, म्हणजे तिथूनही दुजोरा मिळतो. अशा मुलीला नुसतं ‘कर्ता घाल’ सांगितलं की ती ‘दे आर गोइंग’ करते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं घरातले सगळेच निघाले. तिला आधी हे सांगावं लागतं की इंग्रजीत बाबा, गुरुजी, जिल्हाधिकारी सगळे ‘ही’च असतात आणि त्यात उद्धटपणा नसतो. ‘ही’ म्हणजे एकेरी ‘तो’ असं घरात शिकवलेलं असलं तर मूल ते म्हणायला कचरतं आणि कर्ता गाळून सुटका करून घेतं. ही गळती सवयीची नसते, संकोचाची असते. ओळखायची खूण सोपी: धाकट्या भावाबद्दल विचारलं की ‘ही’ नीट येतो, आजोबांबद्दल विचारलं की गायब होतो.

एखादा पूर्ण मजकूर घेऊन दुरुस्ती करून दाखवाल का?

जांबोटी भागातल्या एका मुलाचा रजेचा अर्ज आहे असं समजू. नमुना मुद्दाम रचलेला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य वह्यांत आढळणाऱ्या धाटणीचंच आहे.

‘माय फादर इज इल. इज इन हॉस्पिटल. हॅज टू ब्रिंग मेडिसिन फ्रॉम बेळगाव. सो कॅनॉट कम टू स्कूल फॉर टू डेज. इज रेनिंग ॲन्ड इज नो बस फ्रॉम अवर व्हिलेज.’

पहिलं वाक्य ठीक. मराठीतही नवा माणूस आणताना आपण नाव घेतोच, म्हणून पहिलं वाक्य नेहमी ठीकच असतं. गळती सुरू होते दुसऱ्यापासून. तिथं ‘ही’ घातला की झालं: ‘ही इज इन हॉस्पिटल’.

तिसरं वाक्य खरं घातक आहे. ‘हॅज टू ब्रिंग मेडिसिन’ वाचून मुख्याध्यापकांना वाटणार की आजारी वडीलच औषध आणायला बेळगावला जाणार. मुलाला म्हणायचं होतं ‘औषध आणायचं आहे’, म्हणजे मला. त्यातला ‘मला’ गळला. राहिलेलं ‘आहे’ मराठीत औषधाशी जुळतं, करणाऱ्याशी नव्हेच. त्या ‘आहे’ला जवळचा म्हणून मुलानं ‘हॅज’ घेतला आणि सगळा भार वडिलांवर गेला. दुरुस्ती: ‘आय हॅव टू ब्रिंग हिज मेडिसिन फ्रॉम बेळगाव’. कर्ता बदलताच ‘हॅज’चा ‘हॅव’ झाला, तिकडं लक्ष द्यावं. आधी कर्ता, मग क्रियापदाचं रूप. हा क्रम उलटा केला की कर्ता घालूनही ‘आय हॅज’ उरतं.

चौथ्यात ‘सो’च्या पुढं ‘आय’: ‘सो आय कॅनॉट कम टू स्कूल फॉर टू डेज’. पाचव्यात दोन वेगवेगळे बाहुले: ‘इट इज रेनिंग ॲन्ड देअर इज नो बस फ्रॉम अवर व्हिलेज’.

‘ॲन्ड’बद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. दोन्ही कामं करणारा एकच असेल तर ‘ॲन्ड’च्या पुढचा कर्ता इंग्रजीतही खुशाल गळतो: ‘ही वेन्ट टू द मार्केट ॲन्ड बॉट ओनियन्स’. अर्जातल्या पाचव्या वाक्यात दोन बाजूंना दोन वेगळे कर्ते आहेत, म्हणून तिथं ही सवलत नाही.

‘मला’ गळणारी वाक्यं मराठीत ढीगभर आहेत: भूक लागली, आवडलं, माहीत नाही, पाहिजे, जमणार नाही. त्यांत व्याकरणातला कर्ता वेगळा आणि अनुभव घेणारा वेगळा. इंग्रजीत मात्र अनुभव घेणाराच पहिल्या जागेवर बसतो: आय ॲम हंग्री, आय लाइक्ड इट, आय डोन्ट नो. मराठी वाक्यात ‘कोण?’ विचारून भागत नसेल तर ‘कुणाला?’ विचारावं.

मूल ‘ही’ म्हणतं की गाळतं तेच नीट ऐकू येत नाही. कसं ओळखायचं?

ही तक्रार खरी आहे. ‘ही इज’ जोडून म्हटलं की ‘हीज’ होतं. ‘हीज गोइंग’ आणि ‘इज गोइंग’ यांत फरक काय तो एका ‘ह’चा आणि ऱ्हस्व-दीर्घाचा. घाईत बोललेला ‘ह’ वर्गाच्या गोंगाटात विरून जातो. ऐकणारे गुरुजी अर्थ लावून मोकळे होतात आणि चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मुलांच्याही कानावर ‘हीज’ आणि ‘इट्स’ हे एकेक शब्द म्हणूनच पडतात. म्हणून तर ‘इट्स इज रेनिंग’ असं डबल इंजिन लावलेलं वाक्य ऐकायला मिळतं.

तपासायला दोन उपाय आहेत. तेच वाक्य लिहायला सांगा, लगेच उघडं पडतं. किंवा त्याचा प्रश्न करायला सांगा. ‘इज ही गोइंग?’ आलं तर डोक्यात ‘ही’ आहे, फक्त उच्चार पुसट होता. ‘इज गोइंग?’ आलं तर ‘ही’ मुळात नाहीच. सुरुवातीचे काही आठवडे जोडरूप बंद ठेवून ‘ही’ आणि ‘इज’ सुटेसुटे म्हणून घेतलेले बरे. थोडं रोबोटसारखं वाटतं, वाटू द्या.

घरी किंवा शिकवणीत सराव कसा घ्यावा?

इंग्रजीला हात लावण्याआधी मराठी वाक्य भरून घ्या. हीच पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. ‘बाजारात चाललाय’ याचं थेट इंग्रजी करायला लावू नका. आधी मुलाला ‘तो बाजारात चाललाय’ म्हणायला लावा. मराठीत ‘तो’ ठेवलेलाही चालतो, फक्त सक्तीचा नाही, म्हणून मुलाला हे जड जात नाही. तोंडाला ‘तो’ आला की ‘ही’ आपोआप त्याच्या जागी बसतो.

मग वहीच्या पानावर डाव्या बाजूला एक अरुंद रकाना आखा. क्रियापद आणि पुढचा मजकूर रेघेच्या उजवीकडं, कर्ता डावीकडं. ‘इज’, ‘वॉज’, ‘हॅज’, ‘विल’, ‘वेन्ट’ यांच्या डावीकडचा रकाना मोकळा दिसला की चूक डोळ्यांनाच दिसते, नियम आठवावा लागत नाही. अपवाद आज्ञेचा, जसं ‘गो टू द मार्केट’, प्रश्नाचा आणि वर सांगितलेल्या ‘ॲन्ड’चा. एका बैठकीला आठ-दहा वाक्यं पुरेत. त्यांत निम्मी तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर येणारी असावीत, म्हणजे ज्याचं नाव आधी येऊन गेलंय त्याच्याबद्दलची. सुटी वाक्यं दिली तर मूल ‘राजू इज गोइंग’, ‘सीता इज गोइंग’ असं अचूक लिहितं आणि तुम्हाला वाटतं प्रश्न सुटला. गळती होते ती सलग मजकुरात. म्हणून बेळगावच्या गणपत गल्लीत जाऊन काय काय घेतलं, अशी पाच-सहा वाक्यांची हकिगत एकाच माणसाबद्दल लिहून घ्या.

तोंडी सरावाला होय-नाहीचे प्रश्न उत्तम. ‘भाजी घेतलीस?’ याला आपण ‘घेतली’ म्हणतो, त्याचं ‘यस, बॉट’ होतं. त्यात कर्ता नाही आणि भाजीही नाही. इंग्रजी उत्तर ‘यस, आय डिड’. या छोट्या उत्तरात कर्ता टाळताच येत नाही, त्यामुळं जिभेला वळण लागतं.

आता मुलगा ‘माय ब्रदर ही इज गोइंग’ म्हणायला लागलाय. हे काय नवीन?

औषध जास्त झालं. ‘प्रत्येक ‘इज’च्या आधी ‘ही’’ असा नियम त्यानं पाठ केला असणार. रकान्यात एकच कर्ता मावतो हे दाखवा: ‘माय ब्रदर’ बसला तर ‘ही’ला जागा नाही. पहिल्या वाक्यात नाव, पुढच्यात ‘ही’. सराव चालू असताना ही चूक मध्येच डोकावते. ती दिसली म्हणून मूळचा सराव थांबवू नये.

बेळगावात बँकेपासून बसस्टँडपर्यंत सगळे असंच इंग्रजी बोलतात. एवढं मनावर घ्यावं का?

आपापसात बोलताना घेऊ नका. ‘इज व्हेरी कॉस्टली’ असं दुकानदाराला म्हटलं तर त्याला कळतं आणि भावही कमी-जास्त होतो. अशा लकबी भारताबाहेरही आहेत. सिंगापूरच्या बोली इंग्रजीत कर्ता सर्रास गळतो, आणि स्पॅनिश बोलणारे इंग्रजी शिकताना नेमकं ‘इज रेनिंग’च म्हणतात, कारण त्यांच्या भाषेतही पावसाला ‘इट’ लागत नाही.

फरक पडतो तो समोर मराठी-कन्नड न जाणणारा माणूस असताना, आणि कागदावर. दहावीच्या पेपरातलं पत्र, बँकेला दिलेला अर्ज, पुण्या-बंगळूरच्या कंपनीला पाठवलेली मेल, पोलिसांत दिलेली तक्रार. तक्रारीत तर विशेष जपावं. ‘केम टू अवर हाउस ॲन्ड ब्रोक द डोअर’ यात आलं कोण तेच नाही, आणि तिथं नेमकी तीच गोष्ट लिहायची असते.